वाफ कुठून सुरू झाली हे कळता कामा नये

यूट्यूब चॅनेलच्या सुरुवातीला लोगो तीन सेकंद हलतो आणि जातो. तोच लोगो व्हिडिओच्या शेवटीही लागतो. तिथे 'पुढचा व्हिडिओ पाहा'च्या चौकटी ५ ते २० सेकंद ठेवता येतात आणि तेवढा वेळ मागे काहीतरी हलत राहायला हवं. म्हणून कामाचे दोन तुकडे होतात: एकदाच दिसणारा प्रवेश आणि पुन्हापुन्हा फिरणारा लूप. बहुतेक जण हौसेनं प्रवेश आधी करतात. माझ्या मते लूप आधी करावा.

समजा, चॅनेल स्वयंपाकाचा आहे. लोगोत पातेलं आणि वाफेच्या तीन रेघा आहेत. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर चार सेकंदांचा लूप १०० फ्रेमचा होतो. तो पाच वेळा फिरवला की वीस सेकंद भरतात. प्रत्येक रेघ १०० फ्रेममध्ये खालून वर जाते, पण तिन्ही एकदम निघाल्या तर कवायत वाटते. म्हणून त्यांच्यात साधारण ३३ फ्रेमचं अंतर ठेवायचं. वर पोचताना रेघ विरून जाते आणि खाली पुसटशी उगवते, त्यामुळे तिची वरून खाली मारलेली उडी दिसत नाही.

लूप सलग पाच-सहा वेळा चालवून पाहा. दर चार सेकंदांनी क्षणभर अडखळल्यासारखं वाटलं, तर एक फ्रेम दोनदा आलेली असते. ०वी आणि १००वी फ्रेम सारखीच असते, म्हणून रेंडर ० ते ९९ एवढंच करायचं. अडखळण्याऐवजी वाफ मंदावून पुन्हा वेग घेत असेल, तर दोष वेगळा आहे. ब्लेंडरमध्ये हालचाल मुळातच हळू सुरू होते आणि हळू थांबते. तिथे वाफेचा वेग 'लिनिअर', म्हणजे एकसारखा करावा लागतो.

आता प्रवेश उलट मोजत बांधायचा. लूपच्या पहिल्या फ्रेमला एक रेघ नुकती उगवते आहे, दुसरी ३३ फ्रेम जुनी आहे आणि तिसरी ६७. प्रवेश ७५ फ्रेमचा, म्हणजे तीन सेकंदांचा असेल, तर सर्वात जुनी रेघ ८व्या फ्रेमला निघालीच पाहिजे. म्हणजे झाकण त्याआधी उचललं गेलं पाहिजे, जेमतेम एक तृतीयांश सेकंदात! झाकण डौलात उघडायचा मोह इथेच सोडावा लागतो, नाहीतर प्रवेश लांबवावा लागतो. दुसरी रेघ ४२व्या फ्रेमला निघते आणि त्याच सुमारास चॅनेलचं नाव उमटवलं, तर वाचायला सेकंदभर मिळतो.

झाकणाचा 'टण्ण' आवाज फक्त प्रवेशाला द्यावा, तोही झाकण सुटतं त्याच फ्रेमवर. लूप मुका बरा. शेवटी निवेदक बोलतच असतो, त्याच्यामागे दर चार सेकंदांनी झाकण वाजलं तर प्रेक्षक चौकटीवर बोट ठेवण्याऐवजी आवाज बंद करेल.