एक्स एक असो वा दोन, हिशोब एकच

किल्लारीच्या गल्लीत काळे-नारिंगी ठिपके असलेलं मांजर दिसलं, तर ती बहुधा मांजरीच असणार. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत एक्स दोन, पण गर्भावस्थेत प्रत्येक पेशी त्यांतला कोणता तरी एक बंद करते. म्हणून कुठे काळा ठिपका, कुठे नारिंगी. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे सुचवलं. मग नराच्या एका एक्सशी हिशोब जुळवण्याचा सस्तन प्राण्यांचा मार्ग हाच सर्वांचा म्हणायचा का? नाही. १९६५ मध्ये मुखर्जी आणि बीरमन यांनी फळमाशीच्या लाळग्रंथींना किरणोत्सारी युरिडिन दिलं. आरएनए बनताना ते त्यात शिरतं, त्यामुळे गुणसूत्र किती काम करतं ते मोजता येतं. नराचा एकटा एक्स मादीच्या दोन्हींइतकं काम करत होता. म्हणजे माशीत नर दुप्पट राबतो, बंद काहीच होत नाही. सी. एलिगन्स कृमीने तिसरीच वाट धरली: दोन एक्स असणाऱ्या उभयलिंगी जीवात दोन्ही एक्स सुमारे निम्म्यावर आणले जातात. उत्क्रांतीने एकच यंत्र जपलं नाही; जपला तो समतोल, असं मला यावरून वाटतं.

यावर आक्षेप असा की, स्त्रीचा दुसरा एक्स बंदच असेल तर एकच एक्स असलेल्या टर्नर सिंड्रोममध्ये त्रास का व्हावा? कारण तो पूर्ण बंद नसतो. त्यावरची काही जनुकं चालूच राहतात, आणि त्यांचा एक डोस कमी पडतो.