सहा वाजता पाणी येत नाही, पंप सुरू होतो

सोसायटीच्या ग्रुपवर येणारी नोटीस साधारण अशी असते: ‘गुरुवारी सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत दुरुस्तीच्या कामामुळे पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पाणी जपून वापरावे व सहकार्य करावे.’ नांदेड आणि लातूरच्या लोकांना अशी नोटीस नवी नाही. पण ती ज्या पद्धतीने वाचली जाते, त्यातून दर वेळी तेच गोंधळ होतात. गुरुवारी सगळे धास्तावतात, गुरुवार निभावून जातो आणि शुक्रवारी सकाळी अंघोळीच्या वेळी वरची टाकी कोरडी पडते. मग सेक्रेटरीला फोन सुरू होतात.

गैरसमज: सहा वाजता बंद संपला की नळाला पाणी येईल.

नोटिशीतली वेळ आपल्या नळाची नसते. ती पंपगृहाची, जलवाहिनीच्या दुरुस्तीची किंवा महावितरणच्या शटडाऊनची असते. नांदेडचं बरंचसं पाणी गोदावरीवरच्या विष्णुपुरी जलाशयातून उपसलं जातं. लातूरचं पाणी बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून येतं. सहा वाजता बटण दाबल्यावर पंप फिरू लागतो, पण पुढचे टप्पे बाकीच असतात. आधी रिकामी झालेली मुख्य वाहिनी भरते, मग पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथून तुमच्या भागातल्या जलकुंभात चढतं. जलकुंभ पुरेसा भरल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडून उपयोग नसतो, कारण दाबच तयार होत नाही. फक्त वाहिनीचा हिशेब बघा. एक मीटर व्यासाची नळवाहिनी दुरुस्तीसाठी रिकामी केली, तर तिचा एक किलोमीटर पुन्हा भरायलाच सुमारे पावणेआठ लाख लिटर पाणी लागतं. हे पाणी कोणाच्याही नळाला येत नाही, पण ते भरल्याशिवाय पुढे काहीच सरकत नाही.

पाणी पोचणं आणि नळाला येणं यातलं अंतर लातूरकरांनी २०१६ साली डोळ्यांनी पाहिलंय. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पण ते स्टेशनवरून थेट घरात गेलं नाही. आधी जवळच्या विहिरीत उतरवावं लागलं, तिथून शुद्धीकरण केंद्राकडे न्यावं लागलं आणि मग टँकरने वाटलं गेलं. पाणी गावात होतं, घागर मात्र रिकामी होती. नेहमीच्या शटडाऊननंतर हेच छोट्या प्रमाणात घडतं, फक्त आपल्याला ते दिसत नाही.

गैरसमज: बंद गुरुवारी आहे, म्हणजे टंचाई गुरुवारी.

जिथे चोवीस तास पाणी आहे, तिथे हे खरं ठरेल. आपल्याकडे नळ पाळीने येतात. त्यामुळे आठ तासांचा बंद म्हणजे आठ तास कमी पाणी असं होत नाही. एखाद्या भागाची पाळी त्या वेळेत आली तर ती पुढे ढकलली जाते आणि तिच्यामागे रांगेत असलेल्या भागांची पाळीही सरकते. गुरुवारच्या बंदचा फटका शुक्रवारच्या भागाला जास्त बसू शकतो, तो असा.

एक उदाहरण मांडून बघू. तीस फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे १२० लोक. शहरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी निकषात माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्या हिशेबाने रोज १६,२०० लिटर लागतात. खालचा हौद ४० हजारांचा आणि वरची टाकी १५ हजारांची, मिळून ५५ हजार लिटर. नळाची पाळी मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी सकाळी दोन्ही भरले. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस नेहमीसारखे वापरले तर ४८,६०० लिटर संपले, उरले ६,४००. एरवी शुक्रवारी सकाळी नळ येतो म्हणून हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण गुरुवारच्या शटडाऊनमुळे शुक्रवारची पाळी रविवारवर गेली, तर उरलेलं पाणी शुक्रवारच्या अंघोळींनाच पुरत नाही. पुढचे दोन दिवस हौदात ठणठणाट.

आता हीच नोटीस बुधवारी रात्री नीट वाचली तर? तेव्हा हौद-टाकीत मिळून २२,६०० लिटर शिल्लक असतात. गुरुवारी सकाळपासून माणशी ७० लिटरवर आलो, तर रोजचे ८,४०० लिटर लागतात. म्हणजे तेच पाणी शनिवारी संध्याकाळपर्यंत पुरतं. रविवारी नळ येईपर्यंत दहा हजार लिटरचा एक टँकर पुरतो. सत्तर लिटर म्हणजे हाल नव्हेत. गाडी आणि पार्किंग धुणं बंद, वॉशिंग मशीन रविवारनंतर, शॉवरऐवजी बादली, संडासाला फ्लशऐवजी कपडे-भांड्यांचं पाणी. ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी त्याचं सांडपाणी बादलीत धरावं, बऱ्याच घरगुती मशीनमधून शुद्ध पाण्यापेक्षा ते जास्त निघतं.

म्हणून माझा सेक्रेटरींना आग्रह आहे की मनपाची नोटीस जशीच्या तशी पुढे ढकलू नका. हौदात काठी किंवा टेप टाकून पातळी मोजा, हौदाची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मीटरमध्ये गुणा आणि हजाराने गुणून लिटर काढा. तो आकडा नोटिशीत असला पाहिजे. ‘जपून वापरा’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं ते शेजाऱ्यासाठी आहे. ‘हौद-टाकीत मिळून २२ हजार लिटर आहेत, रविवारपर्यंत न्यायचे आहेत’ म्हटलं की हात आपोआप आखडतो.

गैरसमज: नोटीस आली की आधी घरातली सगळी भांडी भरून ठेवावीत.

नळाची पाळी चालू असताना भरलं तर ते नवीन पाणी. पाळी नसताना फ्लॅटमधला नळ सोडून पिंप भरलं, तर ते सोसायटीच्याच टाकीतलं पाणी आहे. ते तुमच्या न्हाणीघरात आलं, एवढंच, एकूण साठा एका थेंबाने वाढत नाही. तीस घरांनी एकाच संध्याकाळी दोनशे लिटरचं एकेक पिंप भरलं, तर सहा हजार लिटर तासाभरात खाली उतरतात. वरची टाकी रिकामी व्हायला लागली की सगळ्यात आधी वरच्या मजल्याचा दाब जातो, आणि तिथे बहुधा एखादी म्हातारी एकटीच असते. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं दोन-तीन दिवसांचं पाणी प्रत्येकाने जरूर भरावं. बाकीचं हौदातच राहू द्यावं. पंप दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळीच चालवला, तर सगळ्यांना सारखं मिळतं.

गैरसमज: कालचं पाणी शिळं, नळ आले की ओतून द्यायचं.

ही सवय आपल्या भागात फार खोल रुजली आहे आणि मला ती सगळ्यात जास्त टोचते. दोन दिवस जपलेली घागर नळाचा आवाज आला की मोरीत रिकामी होते. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं शुद्ध केलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. त्यातला क्लोरीन हळूहळू उडतो हे खरं, म्हणून ते अमर्याद काळ ठेवू नये. पण पाणी नासतं ते मुख्यतः हात बुडवल्याने. पेला घेऊन मनगटापर्यंत हात रांजणात गेला की दूषित व्हायला तेवढं पुरतं. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं भांडं वापरा. पिण्याबद्दल शंका आली तर एक मिनिट खळखळून उकळा. तरीही नको असेल तर लादी पुसा, झाडांना घाला.

साठवलेल्या पाण्याचा खरा धोका वेगळाच आहे. डेंग्यूचा एडिस डास अशाच घरातल्या स्वच्छ, उघड्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. म्हणून झाकण घट्ट हवं, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंपाच्या आतल्या कडा घासायला हव्यात. नुसतं पाणी ओतल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत.

गैरसमज: नळाला टिल्लू पंप लावला की उशिरा येणारं पाणी लवकर ओढता येतं.

बंदच्या काळात जलवाहिनी रिकामी असते. तिला कुठे ना कुठे गळती असते, आणि काही ठिकाणी ती नालीच्या कडेने जाते. वाहिनीत दाब असताना गळतीतून पाणी बाहेर जातं. दाब गेला की बाहेरचं घाण पाणी आत यायला वाट मिळते, आणि त्याच वेळी कोणी मोटार लावली तर ते जोराने आत ओढलं जातं. ते फक्त मोटारवाल्याच्या घरी जात नाही, पूर्ण गल्लीत पसरतं. शिवाय पाण्याऐवजी हवा ओढणारा पंप तापून सील जळतं ते वेगळंच.

नळ परत आले की पहिलं पाणी सरळ हौदात घेऊ नका. हौदाच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बाहेरच्या तोटीतून काचेच्या पेल्यात धरा. पाणी दुधासारखं पांढरट असेल आणि मिनिट-दोन मिनिटांत तळापासून वर निवळत गेलं, तर ती हवा आहे, घाबरायचं कारण नाही. तांबूस किंवा मातकट असेल तर वाहिनीत बसलेला गाळ हललाय. थोडा वेळ जाऊ द्या, ते बादलीत धरून झाडांना वापरा. पण काळपट रंग असेल, नालीचा वास येत असेल किंवा अर्ध्या तासाने गढूळपणा कमी होत नसेल, तर व्हॉल्व्ह उघडू नका आणि मनपाच्या पाणीपुरवठा विभागाला लगेच कळवा. एकदा ते हौदात गेलं की चाळीस हजारांचा हौद उपसून धुवावा लागतो, तोही नेमका टंचाईत.

टँकरच्या पाण्याबद्दल थोडक्यात. ते बोअरचं असेल तर काचेसारखं नितळ दिसेल, पण दिसण्यावरून जंतू कळत नाहीत. ते हौदात घेताना हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, म्हणजे दहा हजारांच्या टँकरला २५ ग्रॅम, बादलीत कालवून घ्यावी. चुना खाली बसू द्यावा, वरचं निवळ पाणी हौदात सोडावं आणि किमान अर्धा तास थांबून पंप चालू करावा. ब्लिचिंगने जंतू मरतात. बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा फ्लोराइड मात्र त्याने जात नाहीत, म्हणून पिण्यासाठी आधी भरून ठेवलेलं नळाचंच पाणी वापरावं.

वरच्या उदाहरणातल्या सोसायटीची नोटीस मग अशी होईल:

‘सर्व सभासदांना नमस्कार. मनपाच्या दुरुस्तीमुळे गुरुवारी सकाळी १० ते सायं. ६ पंपिंग बंद आहे. आपली शुक्रवारची पाळी चुकण्याची शक्यता आहे, नळ रविवारी येतील असं धरून चालू. आज रात्री हौद व टाकीत मिळून २२,६०० लिटर पाणी आहे. उद्यापासून पंप सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी ६ ते ७ एवढाच चालेल. पिण्याचं पाणी आज भरून घ्यावं, पिंपं भरू नयेत. गाडी धुणं व वॉशिंग मशीन रविवारपर्यंत बंद. शनिवारी दुपारी एक टँकर मागवला आहे, ते पाणी पिऊ नये. नळ आल्यावर कोणीही मोटार लावू नये, हौदाचा व्हॉल्व्ह वॉचमन पाणी तपासूनच उघडतील. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना पाणी चढवून द्यायला कोण येईल, ते इथेच कळवा.’