निवड यादी लावताना आधी खुल्या जागा का भरतात?

भरतीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर एक प्रश्न हमखास फिरतो: 'ओबीसी उमेदवार खुल्या जागेवर कसा?' उत्तर यादी लावण्याच्या क्रमात आहे.

समजा, ८ जागा आहेत. ५ खुल्या, ३ ओबीसींसाठी राखीव. गुणवत्ता यादीतले पहिले १० जण असे:

९२ खुला
९० ओबीसी
८९ खुला
८८ खुला
८६ ओबीसी
८४ खुला
८३ ओबीसी
८१ खुला
८० ओबीसी
७९ ओबीसी

आधी खुल्या जागा भरल्या तर?

जात न बघता पहिले ५ जण घेतले जातात. त्यात २ ओबीसी आहेत. मग उरलेल्या ओबीसींमधून ८३, ८० आणि ७९ गुणवाले राखीव जागांवर येतात. खुला कटऑफ ८६, ओबीसी ७९.

आधी राखीव जागा भरल्या तर?

९०, ८६ आणि ८३ गुणांचे ओबीसी राखीव जागांवर बसतात आणि कोटा तिथेच संपतो. खुल्या जागा ८१ गुणांपर्यंत घसरतात. म्हणजे खुला कटऑफ ८१ आणि ओबीसी ८३! गुण तेच, उमेदवार तेच, पण निवडलेले ओबीसी ५ वरून ३ वर आले.

मग बरोबर काय?

पहिली पद्धत. ९० आणि ८६ गुणवाले आरक्षण नसतं तरी पहिल्या पाचात आलेच असते. त्यांनी आरक्षण वापरलेलंच नाही, तर त्यांना कोट्यात मोजायचं कशाला? सुप्रीम कोर्टाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात हेच म्हटलं: स्वतःच्या गुणांवर खुल्या स्पर्धेत निवडलेला उमेदवार राखीव कोट्यात मोजायचा नाही. 'खुली' जागा कोणत्याही एका गटाची नसते.

यात ८४ गुणवाला बाहेर राहतो, हे खरं. पण त्याची जागा ७९ वाल्याने घेतलेली नाही. खुल्या पाच जागांवरचे सगळे त्याच्या पुढे आहेत.

महिलांच्या जागांचं काय?

तिथेही हाच नियम. उत्तर प्रदेश पोलीस भरतीत खुल्या महिला जागांवर निवडलेल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा जास्त गुण असलेल्या ओबीसी महिला बाहेर राहिल्या होत्या. डिसेंबर २०२० मध्ये न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने ते चुकीचं ठरवलं. खुल्या महिला जागा सर्व प्रवर्गांतल्या महिलांसाठी असतात.

अपवाद आहे का?

आहे. उमेदवाराने वयात किंवा पात्रतेच्या गुणांत सवलत घेतली असेल, तर त्याला खुली जागा मिळेल की नाही हे त्या भरतीच्या नियमांवर ठरतं. त्यामुळे जाहिरातीतली ती अट नीट वाचा.

आणि यादी हातात आली की दोन्ही कटऑफ शेजारी ठेवून बघा. खुला कटऑफ राखीवपेक्षा खाली असेल, तर यादी कोणत्या क्रमाने लावली हे विचारायलाच हवं.