ते दोन गुण कुठे गेले?

गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या बॅडमिंटन स्पर्धेत मुलींच्या दुहेरीचा सामना होता आणि पंचाच्या खुर्चीवर मी होतो. निर्णायक गेम अगदी रंगात आला होता. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक ज्येष्ठ काका उठले आणि म्हणाले, "अहो, ही मुलगी चुकीच्या बाजूला उभी आहे! गुण सम आहेत, मग जिने उजवीकडून सुरुवात केली ती उजवीकडेच हवी." काका तरुणपणी क्लबमध्ये खेळलेले, त्यामुळे मी गडबडलो. जोडीला जागा बदलायला लावली आणि वर 'चुकीच्या जागेवरून मिळवलेले' त्यांचे दोन गुणही काढून घेतले. ती जोडी १९-२१ अशी हरली. नंतर त्यातली एक मुलगी माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, आमचे ते दोन गुण कोणत्या नियमाने गेले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री घरी नियम उघडून वाचले, तेव्हा कळलं की मी एक नव्हे, दोन चुका केल्या होत्या. मुलींच्या जागा बरोबर होत्या. आणि समजा चुकल्या असत्या, तरी गुण काढून घेण्याचा मला अधिकार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींची माफी मागितली. यंदा मात्र ठरवलं, बारा ते पंधरा वयाच्या मुलांनाच पंचगिरी शिकवायची.

काका चुकले कसे, तेही सांगायला हवं, कारण त्यांचा नियम खोटा नव्हता, जुना होता. २००६पूर्वी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळत. दुहेरीत खेळाडू आपसात जागा बदलतात ते फक्त स्वतःच्या सर्व्हिसवर गुण मिळाल्यावर. म्हणजे तेव्हा प्रत्येक गुणाबरोबर जागा बदलायचीच, आणि सम गुणांना सुरुवातीचा उजवीकडचा खेळाडू हमखास उजवीकडेच सापडायचा. आता प्रत्येक रॅलीला गुण असतो, सर्व्हिस कोणाचीही असो. समोरच्याच्या सर्व्हिसवर गुण जिंकला, तर गुण वाढतो पण जागा बदलत नाही. इथेच जुना हिशेब तुटतो.

मुलांना हे मी रॅकेट न देता शिकवलं. गच्चीवर खडूने कोर्ट आखलं, चौघांना उभं केलं. मी फक्त ओरडायचो, "ही रॅली यांची!" आणि मुलांनी सांगायचं, आता सर्व्हिस कोण करणार, कुठून, कोणाला. नियम दोनच सांगितले. सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे गुण सम असतील तर सर्व्हिस उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. आणि जागा बदलायची ती फक्त आपल्या सर्व्हिसवर गुण मिळाला तरच.

समजा, एका बाजूला ईशा उजवीकडे आणि ऋचा डावीकडे. समोर ओम त्याच्या उजवीकडे आणि नील डावीकडे. ०-० असताना ईशा उजवीकडून तिरकी सर्व्हिस ओमला करते आणि तिची बाजू गुण जिंकते. १-०. ईशा-ऋचा जागा बदलतात, ईशा डावीकडून नीलला सर्व्हिस करते. ही रॅली ओम-नील जिंकतात. १-१. त्यांचा गुण विषम, म्हणून त्यांच्या डावीकडे जो आधीच उभा आहे तो, म्हणजे नील, ईशाला सर्व्हिस करतो. कोणीही हलायचं नाही. मुलं सर्वांत जास्त इथेच चुकतात. सर्व्हिस मिळाली की आनंदाच्या भरात जागा बदलून टाकतात.

आता नीलच्या सर्व्हिसवर मुली जिंकल्या. २-१. गुण सम, म्हणून उजवीकडून सर्व्हिस. पण उजवीकडे आता ऋचा आहे! सुरुवात उजवीकडून करणारी ईशा डावीकडेच आहे. काकांचा नियम लावला असता, तर इथे मी पुन्हा ईशाला उजवीकडे ढकललं असतं. ऋचा ओमला सर्व्हिस करते, गुण मिळवते, ३-१. मग ती डावीकडून नीलला सर्व्हिस करते आणि ती रॅली मुलं जिंकतात. त्यांचे गुण २, सम, म्हणून ओम उजवीकडून ईशाला सर्व्हिस करतो. सर्व्हिसचा क्रम पाहा: ईशा, नील, ऋचा, ओम. पुढे पुन्हा ईशा. हा क्रम सगळा गेम टिकतो.

हे सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही. वहीत चार ओळी आखायच्या, एका रॅलीला एक रकाना. गुण मिळाला की जो पुढची सर्व्हिस करणार त्याच्या ओळीत त्याच्या बाजूचे नवे गुण लिहायचे.

| | | | | | | |
|---|---|---|---|---|---|---|
| ईशा | ० | १ | | | | |
| ऋचा | | | | २ | ३ | |
| ओम | ० | | | | | २ |
| नील | | | १ | | | |

पहिल्या रकान्यातली दोन शून्यं म्हणजे पहिली सर्व्हिस करणारी आणि ती घेणारा. शंका आली की शेवटचा आकडा कोणाच्या ओळीत आहे ते बघायचं. सर्व्हिस त्याची, आणि आकडा सम की विषम यावरून बाजू ठरते. गुण पुकारताना सर्व्हिस करणाऱ्याचे आधी पुकारायचे. म्हणून शेवटच्या रॅलीनंतर 'सर्व्हिस ओव्हर, २-३'.

तरीही जागा चुकल्या आणि काही रॅलींनंतर लक्षात आलं तर? जागा दुरुस्त करायची, गुण आहेत तसेच राहतात. बस्, इतकंच. माझ्या त्या दोन गुणांचं उत्तर या एका वाक्यात होतं.

फॉल्टचे मी मुद्दाम थोडेच शिकवले. सर्व्हिस करताना शटलला रॅकेट लागते त्या क्षणी अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. जाळी खांबापाशी १.५५ मीटर उंच असते, म्हणून आम्ही खांबावर जाळीच्या वरच्या कडेपासून ४० सेंटिमीटर खाली रंगीत टेप चिकटवली. मात्र ती बघायला उंच खुर्ची उपयोगाची नाही, कारण वरून पाहिलं की शटलची खरी उंची नीट कळत नाही. म्हणून एक मूल खांबापाशी बुटक्या स्टुलावर, डोळे टेपच्या उंचीला आणून बसतं. शिवाय सर्व्हिस करणाऱ्याची दोन्ही पावलं शटल मारेपर्यंत जमिनीला टेकलेली आणि स्थिर हवीत.

दुसरा वादाचा फॉल्ट जाळीचा. शटल खेळात असताना रॅकेट, अंग किंवा कपडा जाळीला लागला तर फॉल्ट. पण शटल आधी जमिनीवर पडलं आणि मग रॅकेट जाळीला लागली, तर रॅली आधीच संपलेली असते. म्हणून मी मुलांना सांगितलं, आधी काय झालं ते पाहा. दिसलंच नसेल तर फॉल्ट देऊ नका.

यंदा पुरुषांच्या दुहेरीत वही त्याच मुलीच्या हातात होती. ११-९ ला तिने हात वर करून खेळ थांबवला. सर्व्हिस मिळाल्यावर एका जोडीने जागा बदलल्या होत्या आणि तशाच तीन रॅली खेळून झाल्या होत्या. समोरची जोडी म्हणाली, "मग ते गुण रद्द करा." तिने वहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही दोघं जागा बदला. गुण ११-९ च. प्ले."

मागच्या वर्षीचे काका माझ्या शेजारीच बसले होते. "बरोबर आहे का हे?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली.