गोदामाचं भाडं मोजतं घनफूट

दिवाळीला आकाशकंदील ऑनलाइन विकायचे, तर दोन वाटा असतात. घरीच पॅकिंग करून माल कुरिअरवाल्याकडे द्यायचा, किंवा अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीच्या गोदामात आधीच पाठवून ठेवायचा. दुसऱ्या वाटेत पॅकिंग आणि डिलिव्हरी कंपनी करते. त्यासाठी ती दर नगामागे शुल्क घेते आणि जागेचं भाडं वेगळं लावते.

हे भाडं किमतीवर नाही, आकारमानावर ठरतं. समजा, दर घनफुटाला महिना ४५ रुपये आहे. उघडा कंदील एक फूट लांब, रुंद आणि उंच खोक्यात बसतो, म्हणजे नगामागे ४५ रुपये. तोच घडीचा असेल आणि खोकं दोन इंच उंचीचं असेल, तर एका घनफुटात सहा मावतात. भाडं साडेसात रुपयांवर येतं.

खरा फटका दिवाळीनंतर बसतो. चाळीस उघडे कंदील सहा महिने पडून राहिले, तर १०,८०० रुपये भाडं होतं. शिवाय माल परत मागवायलाही शुल्क पडतं.

घरच्या पॅकिंगमध्ये खोकं, टेप आणि वेळ खर्च होतो. पण फाटका कागद, तुटलेली काडी आपल्याच नजरेला पडते. गोदामात गेलेला नग पुन्हा तपासता येत नाही.

म्हणून घडीचे, भराभर खपणारे कंदील तीन आठवड्यांपुरतेच गोदामात पाठवावेत. मोठे, नाजूक किंवा ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बनवलेले घरूनच पाठवावेत.