सदसत् संख्यांच्या भागाकाराचा पडताळा

सदसत् संख्यांच्या भागाकाराचा पडताळा : एका सदसत् संख्येला दुसऱ्या सदसत् संख्येने भागून आलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे त्या उत्तराला भाजकाने गुणून ठरविण्याची रीत. गुणाकार मूळ भाज्याइतका आला, तर भागाकार बरोबर होय. याचे कारण भागाकाराच्या व्याख्येतच आहे. भाज्य z आणि भाजक w (शून्येतर) असल्यास ज्या q या संख्येसाठी q × w = z होते, तिलाच z ÷ w असे म्हणतात आणि अशी संख्या एकच असते.

उदाहरणार्थ, २३ + १४i या संख्येला ३ + ४i ने भागावयाचे आहे. अंश व छेद या दोहोंना भाजकाच्या अनुबद्ध संख्येने, म्हणजे ३ − ४i ने, गुणतात. छेद ९ + १६ = २५ होतो. अंश ६९ − ९२i + ४२i − ५६i² असा येतो आणि i² = −१ असल्यामुळे तो १२५ − ५०i होतो. म्हणून भागाकार ५ − २i येतो. आता पडताळा घेतल्यास,

(५ − २i)(३ + ४i) = १५ + २०i − ६i − ८i² = २३ + १४i

सत् आणि असत् हे दोन्ही भाग भाज्याच्या भागांशी जुळतात, म्हणून उत्तर बरोबर आहे.

पडताळा न जुळल्यास आलेल्या गुणाकाराच्या स्वरूपावरून चूक कोठे झाली, हे पुष्कळदा कळते. वरील छेद २५ ऐवजी ९ − १६ = −७ असा घेतला, तर उलट गुणाकार भाज्याच्या −२५/७ पट येतो. गुणाकार भाज्याच्या एखाद्या सत् पटीइतका आला की, अंश बरोबर असून छेद चुकला असावा, असे समजावे. याउलट अंशाला अनुबद्ध संख्येने न गुणता ३ + ४i नेच गुणले, तर उत्तर (१३ + १३४i)/२५ असे येते. त्याचा भाजकाशी गुणाकार −१९·८८ + १८·१६i इतका होतो. येथे दोन्ही भाग चुकले आहेत; परंतु या संख्येच्या मापांकाचा वर्ग ७२५ आहे आणि भाज्याच्या मापांकाचा वर्गही ५२९ + १९६ = ७२५ च आहे. तेव्हा केवळ मापांक जुळले म्हणून पडताळा झाला असे मानता येत नाही. दोन्ही भाग स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत.

या रीतीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. भागाकार करताना झालेलीच चूक पडताळ्यातही झाली, तर चुकीचे उत्तर बरोबर ठरते. वरील उदाहरणात i² = +१ असे समजल्यास अंश १३ − ५०i, छेद −७ आणि उत्तर (−१३ + ५०i)/७ असे येते. त्याच समजुतीने उलट गुणाकार केला असता (१६१ + ९८i)/७, म्हणजे २३ + १४i हेच भाज्य मिळते. अशा वेळी मापांकांचा पडताळा उपयोगी पडतो, कारण त्यात i² येतच नाही. भाज्याच्या मापांकाचा वर्ग हा भागाकार व भाजक यांच्या मापांकांच्या वर्गांच्या गुणाकाराइतका असावा लागतो. खऱ्या उत्तरासाठी २९ × २५ = ७२५ हे जुळते. चुकीच्या उत्तराच्या मापांकाचा वर्ग मात्र २,६६९/४९, म्हणजे सु. ५४·५ आहे, २९ नव्हे. म्हणून दोन्ही पडताळे जोडीने घेणे इष्ट असते. तसेच मूळ संख्या उतरवून घेतानाच चुकल्या असल्यास ती चूक यांपैकी कोणत्याही पडताळ्याने उघडकीस येत नाही.

उत्तर दशांश अपूर्णांकात स्थूलमानाने दिलेले असल्यास गुणाकार भाज्याशी तंतोतंत जुळत नाही. ५ + i ला ३ + ७i ने भागून दोन दशांश स्थळांपर्यंत ०·३८ − ०·५५i हे उत्तर मिळते. उलट गुणाकार ४·९९ + १·०१i येतो. हा फरक क्षम्य आहे की नाही, हे भाजकाच्या मापांकावरून ठरते. कारण गुणाकारातील फरक म्हणजे उत्तरातील त्रुटी गुणिले भाजक होय. येथे फरकाचा मापांक सु. ०·०१४ व भाजकाचा सु. ७·६२ आहे. म्हणून उत्तरातील त्रुटी सु. ०·००१९ ठरते. दोन स्थळांपर्यंत पूर्णांकन केल्यास ती अधिकात अधिक सु. ०·००७ असू शकते, म्हणून उत्तर ग्राह्य आहे. मात्र भाजकाचा मापांक ०·०१ असता, तर गुणाकारात ०·०१४ इतकाच फरक दिसूनही उत्तरातील त्रुटी १·४ इतकी असती. भाजक लहान असताना गुणाकार जवळपास जुळला, एवढ्यावरून उत्तर अचूक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.