जुलाब किती तास चालले?

लहान मुलाला जुलाब सुरू झाले की डॉक्टर ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या लिहून देतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला 10, आणि तेही दहा ते चौदा दिवस. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 साली ही शिफारस केली. झिंकचा खरोखर किती उपयोग होतो, हे कोणत्याही एका प्रयोगावरून ठरवता येत नाही. त्यासाठी जगभरचे प्रयोग शोधून, ठरलेल्या नियमांनी तपासून त्यांचा एकत्र हिशेब मांडावा लागतो. यालाच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. कॉक्रेन संस्थेच्या 2016 मधल्या अशा आढाव्यात 33 प्रयोग आणि 10,841 मुलांची माहिती होती. सहा महिन्यांपुढच्या मुलांचे जुलाब झिंकमुळे सरासरी अर्धा दिवस लवकर थांबत असावेत, असे त्यातून दिसले.

हा अर्धा दिवस काढायचा तर प्रत्येक शोधनिबंधातून नेमके आकडे उचलून एका फॉर्ममध्ये भरावे लागतात. हे काम दोन जण एकमेकांचे न पाहता करतात आणि मग दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून जुळवतात. आढाव्यातली सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचीही. कारण इथे शिरलेली चूक पुढच्या आलेखात दिसत नाही, ती उत्तराचाच भाग होऊन बसते.

‘जुलाबाचा कालावधी’ असा रकाना फॉर्ममध्ये ठेवला तर तो दिसायला सरळ आहे. पण कालावधी मोजायचा कुठून? घरी पहिला पातळ जुलाब झाला तेव्हापासून, की मूल दवाखान्यात येऊन प्रयोगात दाखल झाले तेव्हापासून? आणि जुलाब थांबले असे कधी म्हणायचे? शेवटचा पातळ जुलाब झाला तेव्हा, पहिल्यांदा घट्ट शौच झाली तेव्हा, की चोवीस तासांत पातळ जुलाब झाला नाही तेव्हा? वेगवेगळ्या प्रयोगांनी वेगवेगळी व्याख्या घेतलेली असते. म्हणून चांगल्या फॉर्ममध्ये कालावधीच्या आकड्याआधी दोन प्रश्न असतात, मोजणी कुठून सुरू झाली आणि कुठे संपली. डोसच्या रकान्यातही हीच खबरदारी लागते. निबंधात 20 मिलिग्रॅम लिहिलेले असेल तर ते शुद्ध झिंक आहे की झिंक सल्फेट? नेहमीच्या झिंक सल्फेटमधून 20 मिलिग्रॅम झिंक मिळवायला सुमारे 88 मिलिग्रॅम क्षार लागतो.

प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या पानावर, कोणत्या तक्त्यात सापडला हे लिहायला जागा हवी. निबंधात छापलेला आकडा एका रकान्यात आणि आपण हिशेब करून काढलेला दुसऱ्यात. ‘नाही’ आणि ‘निबंधात उल्लेख नाही’ हे पर्यायही वेगळे ठेवावेत. उलट्या झाल्या नाहीत असे लिहिणे वेगळे आणि उलट्यांबद्दल काहीच न लिहिणे वेगळे. फॉर्म तयार झाला की आधी मुद्दाम एकमेकांसारखे नसलेले चार-पाच निबंध दोघांनी भरून पाहायचे. त्यात बरेचसे गोंधळ बाहेर येतात.

सगळे मात्र येत नाहीत. एक कल्पित प्रयोग घेऊ. झिंकच्या गटात 100 मुले, साध्या गोळीच्या गटात 100. पहिल्या समीक्षकाने झिंकच्या गटासमोर 60 तास लिहिले, दुसऱ्या समीक्षकाने 82. निबंध उघडला तर दोन्ही आकडे त्यात आहेत. 60 तास दाखल झाल्यापासूनचे, 82 तास पहिल्या जुलाबापासूनचे. वाचण्यात कोणीच चुकलेले नाही. दुसऱ्या गटाचे आकडे अनुक्रमे 70 आणि 92 आहेत, म्हणजे गटांमधला फरक दोन्हीकडे 10 तासांचाच. मग हा वाद किरकोळ आहे का? तासांत उत्तर द्यायचे असेल तर फारसे बिघडत नाही. पण टक्क्यांत सांगायचे ठरले तर एका हिशेबाने जुलाब 14 टक्क्यांनी कमी होतात आणि दुसऱ्याने 11. एका गटाचा आकडा एका व्याख्येतून आणि दुसऱ्याचा दुसरीतून उचलला गेला तर सगळेच कोसळते. इथे एकाचे उत्तर खोडून दुसऱ्याचे ठेवणे हा उपाय नाही. कोणती व्याख्या धरायची हे ठरवून फॉर्म दुरुस्त करायचा आणि आधी भरून झालेले सगळे निबंध त्या नियमाने पुन्हा पाहायचे. यात दोन दिवस जास्त गेले तरी ते द्यावेत.

मतभेद आला की पहिला प्रश्न म्हणूनच ‘कोण बरोबर?’ हा नसावा, ‘फरक कशातून आला?’ हा असावा. टंकताना चूक झाली असेल तर निबंध पाहून ती मिनिटात सुटते. फॉर्मचा प्रश्न धूसर असेल तर वर सांगितले तसे. निबंधच संदिग्ध असेल तर दोघांनी कितीही चर्चा केली तरी त्यातून नवी माहिती निघत नाही. तेव्हा मूळ संशोधकांना पत्र लिहायचे. उरते ते खरे मतांतर, म्हणजे प्रयोगातून गळालेली मुले निकालावर परिणाम करण्याइतकी जास्त आहेत का, यासारखे. तिथे तिसऱ्या व्यक्तीने निर्णय द्यायचा, आणि ती कोण हे काम सुरू होण्याआधीच ठरलेले असावे. नाहीतर दोघांतला ज्येष्ठ म्हणेल ते लिहिले जाते. दोघांच्या मूळ नोंदी पुसायच्या नाहीत. तिसऱ्या रकान्यात अंतिम आकडा आणि त्याचे कारण लिहायचे.

दोघांचे एकमत झाले म्हणजे आकडा बरोबर असेलच असे नाही. याच प्रयोगात ‘60 ± 4’ आणि ‘70 ± 4’ असे छापलेले आहे. दोघांनीही 4 हे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मुलामुलांमधला फरक दाखवणारे माप, समजून लिहिले. मतभेद शून्य. पण तसे असेल तर जवळजवळ सगळ्या मुलांचे जुलाब 52 ते 68 तासांच्या दरम्यान थांबले असा अर्थ होतो, आणि मुलांच्या आजारात असे घडत नाही. निबंधात p = 0.08 दिलेले आहे, म्हणजे फरक ठामपणे सिद्ध झालेला नाही. 4 हे स्टँडर्ड डेव्हिएशन असते तर 10 तासांचा फरक इतका पक्का ठरला असता की p शून्याला टेकले असते. म्हणजे 4 हे स्टँडर्ड एरर आहे, सरासरीतली अनिश्चितता. खरे स्टँडर्ड डेव्हिएशन त्याला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणून मिळते.

```
4 × √100 = 40
```

ही चूक तशीच राहिली तर साध्या भारित सरासरीत या एका प्रयोगाचे वजन शंभरपट होते आणि बाकीचे प्रयोग असून नसल्यासारखे होतात. ही भीती नुसती कागदावरची नाही. डेन्मार्कमधले पीटर गोत्शे आणि सहकाऱ्यांनी आधी प्रसिद्ध झालेले 27 एकत्रित हिशेब घेऊन प्रत्येकातले दोन प्रयोग पुन्हा तपासल्याचे 2007 साली प्रसिद्ध केले. 10 हिशेबांत निदान एका प्रयोगाचे उत्तर मूळ उत्तराशी जुळले नाही. एकट्याने आकडे उचलले की वेळ वाचतो, पण चुका वाढतात, हेही 2006 मधल्या एका तुलनेत दिसले होते. दोन माणसे ठेवायचीच, पण त्यातल्या एकाला तरी संख्याशास्त्र आणि एकाला तरी तो आजार नीट कळायला हवा. 52 ते 68 तासांची शंका बालरोगतज्ज्ञाला आधी येते, p चा मेळ संख्याशास्त्र्याला.

मूळ संशोधकांचे उत्तर आले नाही, जुन्या प्रयोगांत असे पुष्कळदा होते, आणि ± चा अर्थही लागला नाही, तर हिशेब दोनदा करायचा. एकदा तो प्रयोग सर्वांत संभाव्य अर्थाने धरून, एकदा तो वगळून. दोन्ही वेळा जुलाब सुमारे अर्धा दिवस कमी होत असतील तर निष्कर्ष तसाच राहतो. एका वेळी अर्धा दिवस आणि दुसऱ्या वेळी जेमतेम तासभर आला, तर दोन्ही आकडे अहवालात छापायचे आणि कोणत्या प्रयोगातल्या कोणत्या तक्त्यामुळे हा फरक पडला ते त्याखाली लिहायचे.